सहावी ब ची कौतुकाची बरणी

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली तेव्हा वर्गात एक गोष्ट खटकत होती. भांडणं नव्हती, पण मुलांचे कंपू घट्ट झाले होते. डबा खायला तेच पाच, खेळायला तेच पाच, आणि भिंतीकडेच्या बाकांवर चार-सहा मुलं अशी, की ती गैरहजर असली तरी कुणाला कळत नसे. मी नाशिकच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी ब ची वर्गशिक्षिका आहे. पट 38. गुप्त मित्र आणि कौतुकाची बरणी हे दोन खेळ वर्गात घ्यायचे असं मी ठरवलं. गुप्त मित्रात चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी त्याला न कळू देता काही चांगलं करायचं. बरणीत वर्गातल्या कुणाचंही कौतुक चिठ्ठीवर लिहून टाकायचं, आणि त्या चिठ्ठ्या मी शनिवारी वाचून दाखवायच्या. नोव्हेंबर 2024 ते जानेवारी 2025 या काळात जे झालं ते क्रमाने लिहिते. पहिल्या दोन आठवड्यांत बरंच चुकलं, आणि खरं शिकायला मिळालं ते त्या चुकांतूनच.

आधी परवानगी. 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. त्याआधीचा आठवडा आमच्यापैकी निम्म्या शिक्षकांचा निवडणुकीच्या प्रशिक्षणात आणि ड्युटीत गेला, त्यामुळे अर्ज देता आला तो सोमवारी, 25 तारखेला. "सहावी ब वर्गात उपक्रम राबविण्यास परवानगी मिळणेबाबत" असा एक पानी अर्ज आणि त्यासोबत आठवड्यांचं नियोजन. शासनाने त्याच वर्षी पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम आणला होता, त्यामुळे बरणीचं वाचन शनिवारच्या तासिकेत बसवता येईल असं मी अर्जात लिहिलं. त्याने काम सोपं झालं. तुम्हीही असा अर्ज देणार असाल तर वेळापत्रकातली नेमकी तासिका लिहून द्या. मुख्याध्यापिकाबाईंचा पहिला प्रश्न तोच होता, "अभ्यासक्रम मागे पडणार नाही ना?"

शुक्रवारी, 29 ला सही मिळाली. अटी चार होत्या. पैशांची देवाणघेवाण नाही, खाण्याच्या वस्तू नाहीत, चिठ्ठ्यांचे फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत, आणि घरी सूचनापत्र देऊन पालकांची सही आणायची. फोटोंची अट मला तेव्हा जरा जास्तीची वाटली होती. पुढे त्या अटीमुळेच बरंच निभावलं. कुणाच्या नावाने किती चिठ्ठ्या आल्या हे घराघरांत पोहोचलं असतं तर मुलांची तुलना तिथेही सुरू झाली असती.

खर्च फार नव्हता. भांडी बाजारातून पाच लिटरची पारदर्शक प्लास्टिकची बरणी, 150 रुपये. काचेची नको, वर्गात फुटते. रंगीत कागदाचे 40 ताव, 80 रुपये. एका तावाच्या आठ चिठ्ठ्या, म्हणजे 320. सूचनापत्राचे झेरॉक्स 40 रुपये. एकूण 270. बरणीच्या झाकणाला तापवलेल्या सुरीने फट पाडली. फट बोटभरच ठेवा. मी आधी रुंद पाडली होती, तर मधल्या सुट्टीत दोघं जण त्यातून पट्टी घालून चिठ्ठ्या वर काढताना सापडले. मग झाकणावर चिकटपट्टी लावून फट लहान केली आणि शाळा सुटली की बरणी माझ्या कपाटात ठेवायला लागले.

सोमवार, 2 डिसेंबर. चौथी तासिका. टोपीत 38 नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या, एकेकाने उचलायची, ज्याचं नाव येईल त्याचा तू गुप्त मित्र. बाविसाव्या मुलीने चिठ्ठी उघडली आणि म्हणाली, "बाई, माझंच नाव आलं." सगळ्या चिठ्ठ्या परत टोपीत. दुसऱ्या वेळी नवव्याच मुलाला स्वतःचं नाव. तिसऱ्या वेळी सदतीस जणांचं नीट झालं आणि शेवटी उरली ती चिठ्ठी शेवटच्या मुलाचीच. तोवर तासिका संपली होती, आणि तीनदा उचलाउचल झाल्यामुळे निम्म्या वर्गाने एकमेकांच्या चिठ्ठ्या पाहिल्या होत्या. गुप्त असं काही उरलंच नव्हतं.

शिक्षकखोलीत मी हे सांगितलं तेव्हा आमच्या गणिताच्या सरांनी वहीच्या मागच्या पानावर हिशोब करून दाखवला. अशा चिठ्ठ्या उचलल्या तर कुणा ना कुणाला स्वतःचं नाव येण्याची शक्यता साधारण 63 टक्के असते, आणि वर्ग 20 चा असो की 60 चा, हा आकडा जवळजवळ बदलत नाही. म्हणजे माझं नशीब वाईट नव्हतं, पद्धतच चुकीची होती. सर म्हणाले, "टोपी सोडा, साखळी करा."

साखळी अशी. 38 नावं पत्त्यांसारखी पिसायची आणि ज्या क्रमाने येतील तशी एकाखाली एक लिहायची. प्रत्येक जण आपल्या खालच्या नावाचा गुप्त मित्र. सगळ्यात शेवटचा, पहिल्या नावाचा. यात स्वतःचं नाव येऊच शकत नाही. दोघं एकमेकांचे मित्र, असंही होत नाही. तसं झालं की दोघांपैकी एकाला कळतं आणि दुसऱ्याचंही फुटतं. सगळ्यात मोठी सोय गैरहजरीची. मधला कुणी आठ दिवस गावाला गेला, तर त्याच्या वरच्याला त्याच्या खालचं नाव देऊन टाकायचं, साखळी पुन्हा जुळते. टोपीतल्या चिठ्ठ्यांत एक गेला की त्याच्या मित्राचं काय करायचं हे शोधत बसावं लागतं. ही यादी फक्त माझ्याकडे राहणार होती. मी ती हजेरीपटात न ठेवता घरी ठेवली, कारण हजेरीपट मॉनिटरच्या हातात जातो.

मंगळवारी प्रत्येकाला घडी घातलेली चिठ्ठी दिली आणि खेळ सुरू झाला.

गुरुवारी एका बाकावर दिवा लागणारं पेन आलं. शुक्रवारी दुसऱ्या बाकावर चॉकलेटचा पुडा. पैशांचं काही नाही असं सूचनापत्रात स्पष्ट होतं, पण मुलांच्या आणि घरच्यांच्या मनात गुप्त मित्र म्हणजे भेटवस्तू हे इतकं पक्कं आहे की ते वाक्य कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. सोमवारी एका आईचा फोन आला. आवाज शांत होता, पण दुखावलेला. "मॅडम, तिच्या मैत्रिणीला पेन मिळालं, हिला कुणी काहीच दिलं नाही. रात्री जेवली नाही ती." मी माफी मागितली. त्यांची मुलगी माझ्या यादीत ज्याच्या खाली होती त्या मुलाच्या घरी पेन घेण्याइतके पैसे सुटे नसतात. त्याने काही द्यायचं म्हणून तीन दिवस तिची बाटली भरून आणली होती. तिला वाटलं शिपाईमामांनी भरली असेल.

त्याच काळात दुसरी गोष्ट. एका मुलाच्या चिठ्ठीत मुलीचं नाव आहे हे शेजाऱ्याने पाहिलं, आणि मागच्या बाकांवरून चिडवणं सुरू झालं. सहावीत हे होणार याचा अंदाज मला होता, पण उपाय तयार नव्हता.

आणि तिसरी, जी मला सगळ्यात जास्त लागली. शनिवारी, 7 डिसेंबरला बरणीचं पहिलं वाचन ठरलं होतं. प्रार्थनेआधी मी बरणी उघडून चिठ्ठ्या मोजल्या. 54 होत्या. त्यातल्या 9 तक्रारी: कुणी कंपास मोडली, कुणी ढकललं. 6 माझ्याविषयी, बाई छान शिकवतात म्हणून. उरल्या 39. वर्गयादी घेऊन नावापुढे रेघा मारत गेले. वर्गाच्या मॉनिटर मुलीला 8. तिच्या दोन मैत्रिणींना मिळून 7. आणि 14 मुलांपुढे एकही रेघ नाही.

ती यादी हातात धरून मी बराच वेळ उभी होते. हे वाचून दाखवलं असतं तर चौदा मुलांनी पाऊण तास बसून दुसऱ्यांचं कौतुक ऐकलं असतं. भिंतीकडेच्या त्या बाकांवरची सगळी मुलं या चौदांत होती. जो खेळ त्यांच्यासाठी आणला, तोच त्यांना सांगणार होता की तुम्हाला कुणी पाहत नाही. त्या दिवशी वाचन केलं नाही. वर्गाला सांगितलं की चिठ्ठ्या नीट लावायला मला अजून वेळ हवा आहे, आणि त्यांना मैदानावर नेलं. मुलं हिरमुसली. ते चाललं. कुणीही बरणी ठेवणार असेल तर माझं एवढं ऐका: वाचायच्या आधी मोजा, आणि किती आल्या यापेक्षा कुणाला आल्या नाहीत ते पाहा.

मंगळवारी, 10 तारखेला गुप्त मित्रही थांबवला. चार दिवस घरी यादी पुढे ठेवून विचार करत होते. दोन्ही खेळ वेगवेगळे चालवले हीच मूळ चूक होती. बरणीत कुणाविषयी लिहायचं हे मुलांवर सोडलं की ती आपल्या कंपूविषयीच लिहिणार. गुप्त मित्राला नेमकं काय द्यायचं हे सांगितलं नाही की ती वस्तूच देणार. पण गुप्त मित्राच्या साखळीत प्रत्येक मुलाच्या वर कुणीतरी आहेच. त्या मुलाने वस्तू न देता फक्त लक्ष ठेवायचं आणि जे दिसेल ते बरणीत टाकायचं, असं केलं तर शून्य कुणालाच येणार नाही.

सोमवार, 16 डिसेंबरला नवी साखळी केली आणि नियम बदलले. आठवड्यात तीन छोट्या मदती, ज्यांना एक रुपयाही लागत नाही, आणि शनिवारपर्यंत गुप्त मित्राविषयी एक चिठ्ठी बरणीत. मदती कुठल्या, हे मुलांकडूनच फळ्यावर लिहून घेतलं. पेन्सिलला टोक करून ठेवणं, बाटली भरणं, गैरहजर असेल तर अभ्यास सांगणं, खेळात आपल्या संघात घेणं. एक मुलगी म्हणाली, "तो उत्तर देताना अडला तर हसायचं नाही." तेही लिहिलं.

तीन हा आकडा मी एका अभ्यासावरून घेतला. 2012 साली प्रसिद्ध झालेला कॅनडातल्या व्हँकुव्हरचा अभ्यास आहे. 9 ते 11 वर्षांच्या मुलांपैकी काहींनी चार आठवडे दर आठवड्याला तीन चांगली कामं केली, काही जण तीन आवडत्या ठिकाणी गेले. आधीपेक्षा आनंदी दोन्ही गटांतली मुलं झाली. पण याच्यासोबत काम करायला आवडेल असं वर्गातल्या जास्त मुलांनी ज्यांच्याविषयी सांगितलं, ती चांगली कामं करणारी मुलं होती. म्हणजे फायदा मदत करणाऱ्यालाही होतो. म्हणून मी एकट्या पडणाऱ्या मुलांना फक्त घेणाऱ्यांत ठेवलं नाही. साखळीत प्रत्येक जण देणाराही असतो.

चिडवण्यावर उपाय म्हणून मुलामुलींच्या वेगळ्या साखळ्या कराव्यात असं एका सहकारी बाईंनी सुचवलं. मी मिश्रच ठेवली, पण वर्गाला आधीच सांगितलं की शेवटी सगळ्यांची नावं एकाच दिवशी, सगळ्यांसमोर उघडी होणार. कुणाच्या चिठ्ठीत कोण हे लपवून ठेवण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा चिडवण्यातली गंमतही गेली.

चिठ्ठी कशी लिहायची याला मी पूर्ण एक तासिका दिली. पहिल्या 39 चिठ्ठ्यांपैकी 17 मध्ये नुसतं "तू छान आहेस" होतं. ते कुणालाही चालतं, म्हणून कुणालाच लागत नाही. फळ्यावर साचा लिहिला: "अमक्याने अमुक केलं, म्हणून अमुक झालं." आणि दोन प्रश्न: हे कुठे घडलं? याचं चित्र काढता येईल का? काढता येत नसेल तर पुन्हा बघ आणि पुन्हा लिही. चिठ्ठीच्या मागे लिहिणाऱ्याने आपलं नाव टाकायचं. मी ते वाचून दाखवणार नव्हते, पण नाव असलं की टोमणा मारणारी चिठ्ठी येत नाही. वर्गात दोन मुलांना लिहिणं जड जातं. ती मधल्या सुट्टीत मला सांगत, मी त्यांच्याच शब्दांत लिहून घेत असे. तक्रारींसाठी शाळेची तक्रारपेटी आहे, ती कुठे आहे हे सगळ्यांना नेऊन दाखवलं.

शनिवार, 21 डिसेंबर. मोजलं. 38 जणांच्या 36 चिठ्ठ्या गुप्त मित्राच्या होत्या, दोन राहिल्या होत्या. त्या दोघांना दारातच गाठून लिहून घेतल्या. आपणहून टाकलेल्या 20 वेगळ्या. मग वाचन. अर्धा तास लागला. नाव घेतलं की ते मूल ताठ बसायचं, चिठ्ठी संपली की खाली बघायचं.

खिडकीजवळ एक मुलगा बसतो. फारसा बोलत नाही. फळा पुसायची पाळी त्याची नसली तरी तोच पुसतो, कारण इतर कुणी पुढे येत नाही. पहिल्या यादीत त्याच्यापुढे रेघ नव्हती. त्याची चिठ्ठी अशी होती: "फळा पुसून झाला की तो डस्टर खिडकीबाहेर हात काढून झटकतो. बाकीचे वर्गातच झटकतात. म्हणून माझ्या डोळ्यात खडू जात नाही." मी स्वतः जूनपासून त्याला फळा पुसताना पाहत होते. हात बाहेर काढतो हे मला दिसलं नव्हतं. ती चिठ्ठी लिहिणारी मुलगी पहिल्या बाकावर बसते आणि तिला चष्मा आहे.

पुढचा आठवडा नाताळची सुट्टी आणि स्नेहसंमेलनात गेला, तेव्हा बरणी बंद. शक्यतो हा खेळ स्नेहसंमेलनाच्या आसपास ठेवू नका, मुलं तालमीत असतात आणि कुणाचंच कुणाकडे लक्ष नसतं. 30 डिसेंबरला पुन्हा सुरू. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एक मुलगी दहा दिवस मामाच्या गावी गेली, त्यांच्या द्राक्षबागेची काढणी होती. साखळीत तिच्या वरच्या मुलाला तिच्या खालचं नाव दिलं, दोन मिनिटांत काम झालं. 4 आणि 11 जानेवारीला वाचन झालं. चिठ्ठ्या मी लगेच हातात देत नव्हते, कारण अक्षरावरून मुलं ओळखतात. त्या नावाप्रमाणे पाकिटांत जमा करत होते.

11 तारखेला आपणहून टाकलेल्या चिठ्ठ्या वेगळ्या मोजल्या, कारण गुप्त मित्राची तर येणारच. पहिल्यांदा 14 जणांपुढे शून्य होतं, आता 5 जणांपुढे होतं. त्या पाचांत खिडकीजवळचा मुलगा नव्हता. पण ते पाच जण आहेत, आणि साखळी थांबल्यावर त्यांच्याकडे पुन्हा कुणी पाहणार नाही अशी मला भीती आहे. त्यांच्या जागा मी बदलल्या, वर्गातली कामं दोघा-दोघांना वाटून दिली. त्याचा उपयोग झाला का हे एप्रिलपर्यंत कळणार होतं.

सोमवार, 13 जानेवारी, भोगी. दुसऱ्या दिवशी संक्रांत. मुख्याध्यापिकाबाईंना विचारून खाण्याच्या अटीतून हलव्याची सूट घेतली. पाव किलो काटेरी हलवा, 60 रुपये. बाक भिंतीला लावले आणि सगळ्यांना गोल उभं केलं, पण यादीच्या क्रमाने नाही. यादीतली पहिली मुलगी चालत तिच्या गुप्त मित्राकडे गेली, त्याच्या हातावर हलवा ठेवला, "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणाली, आणि त्याचं पाकीट त्याला दिलं. मग तो निघाला त्याच्या मित्राकडे. असं एकामागून एक. मधे ओरडा झाला, टाळ्या झाल्या, एका मुलाने "तू होतास काय रे!" म्हणत दुसऱ्याच्या पाठीत थाप मारली. ज्या मुलीच्या आईचा फोन आला होता तिने पाकिटातल्या तिन्ही चिठ्ठ्या तिथेच उभ्याने वाचल्या. पहिल्या फेरीत तिची बाटली कोण भरत होतं हे मी तिला त्या मुलाची परवानगी घेऊन नंतर सांगितलं. 38 वा मुलगा उठला तेव्हा कुणाकडे जायचं ते त्याला सांगावं लागलं नाही. सगळा वर्ग पहिल्या मुलीकडे बघत होता.

बुधवारी, 15 ला शाळा पुन्हा भरली. दुसऱ्या तासिकेनंतर खिडकीजवळच्या मुलाने फळा पुसला. डस्टर घेऊन तो खिडकीशी गेला. हात बाहेर काढण्याआधी त्याने मागे वळून पहिल्या बाकाकडे एकदा पाहिलं, मग झटकलं. त्याची कंपास उघडी होती. झाकणाच्या आतून ती पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती.